पट्टा काढा, रंग नको

लग्नसराई संपली की ओळखीतल्या "कॉम्प्युटरवाल्या" माणसाकडे फोटो दुरुस्तीची कामं यायला लागतात. प्रिंटर दुरुस्त करणे, मोबाईलमधले फोटो परत आणणे आणि "एवढं जरा नीट करून दे ना", ही आमच्या जमातीची तीन घरगुती कर्तव्यं. त्यातलं तिसरं मला मनापासून आवडतं, आणि आजचा लेख त्यातल्या एका अगदी छोट्या कामावर आहे: खांद्यावर उन्हामुळे उमटलेला कपड्याचा पट्टा फोटोतून काढून टाकणे.

काम छोटं आहे, पण ते दहातल्या आठ वेळा चुकीचं होतं असं माझं मत आहे. चूक हत्याराची नसते. "पट्टा काढा" असं सांगितल्यावर समोरचा माणूस "गोरं करा" असं ऐकतो, ही चूक असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुरुस्ती आहे, दुसरी बदली. आणि गंमत म्हणजे पहिली करणं दुसरीपेक्षा सोपं आहे, हेच मला आज आकड्यांनिशी दाखवायचं आहे.

आधी पट्टा आणि वळ यातला फरक. आपल्या भाषेत हे दोन शब्द आहेत ते बरंच आहे. वळ म्हणजे दाबाची खूण. घट्ट इलॅस्टिक किंवा जड सॅकचा पट्टा बराच वेळ खांद्यावर राहिला की कातडी तिथे दबते. ती खोलगट झालेली असते, त्यामुळे फोटोत तिची एक कड उजळ आणि दुसरी कड काळसर दिसते. वळाचा औषधोपचार म्हणजे फोटो काढण्याआधी अर्धा तास पट्टा सैल करून बसणे. फोटोत तो आलाच असेल तर आजूबाजूची कातडी आणून भरावी लागते, दुसरा इलाज नाही. उन्हाचा पट्टा मात्र सपाट असतो. तिथली कातडी आजूबाजूसारखीच असते, तीच छिद्रं, तीच लव. फरक फक्त मेलॅनिनच्या प्रमाणाचा. उघडी कातडी रापली, झाकलेली रापली नाही. म्हणजे फोटोच्या दृष्टीने तिथे पोत शाबूत आहे आणि फक्त रंग वेगळा आहे.

एवढं एकदा लक्षात आलं की नेहमीचे दोन उपाय आपोआप बाद होतात. पहिला उपाय क्लोन स्टँप: बाजूची रापलेली कातडी उचलायची आणि पट्ट्यावर चिकटवायची. यात शाबूत असलेला पोत आपण फेकून देतो आणि त्याच्या जागी दुसरीकडचा पोत बसवतो. खांदा गोल असतो, उजेड त्याच्यावरून घसरत जातो, त्यामुळे चिकटवलेला तुकडा कुठे जास्त उजळ तर कुठे जास्त गडद होतो. खांद्यावर तीळ असला तर तो गायब होतो, नाहीतर एकाचे दोन होतात. शाळेच्या दाखल्यावर ओळखीची खूण म्हणून तीळ लिहिणाऱ्या देशात हा विनोद बरा नाही :-) दुसरा उपाय ब्लर. त्याने पट्ट्याची कड पसरते पण पट्टा राहतोच, वर खांदा प्लॅस्टिकच्या बादलीसारखा गुळगुळीत होतो.

मग करायचं काय? इथे थोडंसं भौतिकशास्त्र कामाला येतं, पण घाबरू नका, सातवीच्या वरचं काही नाही. कॅमेऱ्यात एका ठिकाणचा जो आकडा येतो तो साधारणपणे दोन गोष्टींचा गुणाकार असतो: तिथे पडलेला उजेड गुणिले तिथल्या कातडीने परत पाठवलेला हिस्सा. खांद्याच्या वरच्या बाजूला उजेड जास्त, काखेकडे कमी. पण रापलेली कातडी आणि पट्ट्यातली कातडी यांच्यातलं *गुणोत्तर* दोन्ही ठिकाणी जवळपास तेच राहतं, कारण उजेड वर आणि खाली दोन्हीकडे आहे, तो कटतो. मांडवाच्या गुलाबी कापडातून येणारा उजेड असला तरी तोही कटतो. म्हणून पट्टा काढायचा म्हणजे एक आकडा वजा करायचा नाही, एका गुणोत्तराने गुणायचं.

आता दुसरा मुद्दा. हे गुणोत्तर लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये सारखं नसतं. मेलॅनिन निळा उजेड सगळ्यात जास्त शोषतं, हिरवा त्याहून कमी, लाल सगळ्यात कमी. त्यामुळे पट्टा लाल चॅनेलमध्ये फिकट दिसतो आणि निळ्यात ठसठशीत. हे स्वतः बघायचं असेल तर कुठल्याही फोटोत लाल आणि हिरवा चॅनेल बंद करून फक्त निळा ठेवा. साध्या डोळ्याला न दिसलेले पट्टेही तिथे दिसतात: घड्याळाचा, अंगठीचा, गळ्यातल्या साखळीचा. म्हणूनच नुसता ब्राइटनेस कमी करून पट्टा जात नाही. उजेड जुळतो, पण रंग जुळत नाही, आणि पट्ट्याच्या जागी एक राखाडी, आजारी दिसणारी पट्टी उरते. "काहीतरी चुकलंय पण काय ते कळत नाही" असं लोक म्हणतात ते ह्यालाच.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. माझं आजोळ किल्लारीचं. मामेबहीण कॉलेजात कबड्डी खेळते, म्हणजे बिनबाह्यांची जर्सी आणि लातूर जिल्ह्याचं ऊन. वैशाखात तिचं लग्न झालं. हळदीला तिने रुंद गळ्याचा पिवळा ड्रेस घातला होता, आणि दोन्ही खांद्यांवर जर्सीचा तळहाताएवढ्या रुंदीचा फिकट पट्टा लख्ख दिसत होता. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या किल्लारीत रस्ते रुंद, घरासमोरच मांडव घालता येतो. त्यामुळे उजेड भरपूर, लपायला जागा नाही. तिला तो पट्टा अल्बममध्ये नको होता. हे तिचं म्हणणं आणि तो तिचा हक्क.

फोटोग्राफरने (नाव गाव कशाला) काम करून दिलं. पट्टा गेला होता. सोबत खांदेही गेले होते, म्हणजे पट्ट्याच्या रंगाचे झाले होते. मग खांदे आणि चेहरा जुळेना म्हणून चेहरा उजळवला, मग हात उजळवले, आणि उजळवताना कातडी पिवळट दिसू नये म्हणून फोटोतला पिवळा-नारिंगी रंगच खाली ओढला. हळदीच्या फोटोतला पिवळा रंग! मामीने अल्बम उघडला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "आरं, पोरीची हळद कुठं गेली?" खरंच, गालावरची हळद बेसनाच्या पिठासारखी दिसत होती. बहीण मला म्हणाली, "दादा, जर्सीचा पट्टा तेवढा नको होता रे. मला कुणी बदल म्हणलं होतं?"

मूळ फाइल मागवून घेतली. कॅमेऱ्यातून निघालेली जेपेग होती, चांगली मोठी. आता काम बघा.

कलर पिकर घेतला आणि त्याला एका पिक्सेलऐवजी आजूबाजूच्या दहा-पंधरा पिक्सेलांची सरासरी घ्यायला लावलं. (गिम्पमध्ये हा पर्याय `Sample average` नावाने आहे. एकच पिक्सेल उचललात तर लव किंवा छिद्र हाताला लागतं.) मग पट्ट्यात एक बिंदू आणि पट्ट्याच्या लगेच बाहेर, त्याच उजेडात, दुसरा बिंदू घेतला. पट्ट्यात आकडे मिळाले २०५, १६०, १३२. बाहेर १७६, १२४, ९४. क्रम अर्थातच लाल, हिरवा, निळा.

बाहेरच्या आकड्याला आतल्याने भागा. लाल ०.८६, हिरवा ०.७८, निळा ०.७१. बघा, मेलॅनिनचा क्रम बरोबर आला: निळ्यात फरक सगळ्यात जास्त. आता या तिन्हींना २५५ ने गुणा (भागाकार पूर्ण ठेवून, वरचे आकडे मी गोल केलेत). येतात २१९, १९८, १८२, म्हणजे रंग `#dbc6b6`. दुधाळ चहासारखा एक फिकट रंग. हा त्या पोरीच्या कातडीचा रंग नाही, तर पट्ट्याला तिच्या कातडीपर्यंत नेणारा रंग आहे. पट्ट्यावर हा रंग गुणला की बाहेरची कातडी मिळते.

आता जाणकार वाचक हात वर करतील: "अहो, जेपेगमधले आकडे म्हणजे खरा उजेड नव्हे, त्यावर गॅमा चढवलेला असतो. असे सरळ भागाकार कसे चालतील?" शंका रास्त आहे. पण गॅमा म्हणजे घात, आणि घातांचा गुणाकार-भागाकाराशी चांगला सलोखा असतो: भागून घात घ्या किंवा घात घेऊन भागा, उत्तर एकच. एसआरजीबीचं वळण अगदी शुद्ध घात नाही, म्हणून थोडी चूक राहते. मी दोन्ही पद्धतींनी करून पाहिलं. काखेकडच्या सावलीत पट्ट्याचे आकडे १५०, ११०, ८८ होते. सरळ भागाकाराच्या पद्धतीने ते १२९, ८५, ६३ होतात आणि आधी खऱ्या उजेडात नेऊन केलं तर १२८, ८४, ६१. एक-दोन आकड्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही. याउलट गुणण्याऐवजी सरळ वजाबाकी केली असती (२९, ३६ आणि ३८ कमी) तर सावलीत १२१, ७४, ५० आले असते. हा फरक दिसतो. सावलीतला पट्टा उलटा होतो, म्हणजे फिकट होता तो आता डागासारखा काळा.

पुढचं काम हाताचं. फोटो आधी १६ बिटमध्ये नेला, नाहीतर हळूहळू उतरत जाणाऱ्या उजेडात पायऱ्या पडतात. फोटोवर एक नवा थर टाकला, तो सगळा `#dbc6b6` ने भरला आणि त्याचा मोड `Multiply` केला. फोटोशॉपमध्ये एवढं पुरतं. गिम्पच्या नव्या आवृत्त्यांत थरावर राइट क्लिक करून `Blend Space` मध्ये `RGB (perceptual)` निवडा, म्हणजे आपण केलेलं गणित आणि त्याचं गणित एकच राहील. मग त्या थराला काळा मास्क लावला. आता थर आहे पण दिसत नाही. मऊ ब्रशने, पांढऱ्या रंगाने, मास्कवर फक्त पट्टा रंगवला. जिथे रंगवलं तिथे पट्टा विरघळतो. खालचा तीळ, लव, घामाचा थेंब सगळं जिथल्या तिथे. मूळ फोटोला हात लागलेला नाही, थर बंद केला की सगळं पूर्ववत.

खरं कसब मास्कच्या कडेत आहे. पट्ट्याची कड सुरीने कापल्यासारखी नसते. जर्सी रोज त्याच जागी बसत नाही, खेळताना सरकते, त्यामुळे कडेला एक झिरपलेला भाग असतो. एका दिवसाच्या उन्हाने उमटलेला पट्टा धारदार असतो, महिनाभराचा पसरट. आधी फोटो शंभर टक्क्यांवर बघून ही झिरप किती पिक्सेलची आहे ते मोजा आणि ब्रशची मऊ कड तेवढी ठेवा. बहिणीच्या फोटोत ती गळ्याच्या बाजूला जेमतेम पंचवीस पिक्सेल होती आणि दंडाच्या बाजूला त्याच्या दुप्पट, कारण तिकडे जर्सी जास्त हलते. एकच ब्रश दोन्हीकडे चालवला असता तर एक कड नक्की बिघडली असती. बिघाड ओळखणं सोपं आहे: मास्क बाहेर सांडला तर पट्ट्याच्या भोवती काळसर चौकट दिसते, आत कमी पडला तर फिकट दोऱ्यासारखी रेघ उरते. चौकट दिसली तर मास्कवर काळ्याने आत या, दोरा दिसला तर पांढऱ्याने बाहेर जा.

दुसरी अडचण चकाकीची. घाम किंवा तेल लावलेल्या खांद्यावर उजेडाचा जो पांढरा झगमगाट असतो तो कातडीच्या आतून येत नाही, वरच्या वरून आरशासारखा परत फिरतो. त्याला मेलॅनिनशी काही देणंघेणं नाही. म्हणजे आपला गुणाकाराचा नियम तिथे लागू नाही. तरी गुणलंत तर चकाकी मातकट होते. तिथे मास्क अर्धा करा, म्हणजे पांढऱ्याऐवजी राखाडीने रंगवा. खूपच झगमगाट असेल तर तेवढी जागा सोडूनच द्या. तिथे पट्टा दिसतच नसतो.

तिसरी अडचण खास आपली: हळद. हळद निळा उजेड गिळते. मेलॅनिनही तेच करतं. त्यामुळे हळद लागलेल्या जागेवर निळ्या चॅनेलमध्ये पट्टा कुठे संपतो आणि हळद कुठे सुरू होते ते कळत नाही. शिवाय बिंदू उचलताना त्यातला एक जरी हळदीवर पडला तर गुणोत्तरच खोटं निघतं, आणि मग सगळा खांदा हळदुला होतो. म्हणून दोन्ही बिंदू हळद नसलेल्या जागेवर घ्या, आणि अशा फोटोत कड तपासायला निळ्याऐवजी हिरवा चॅनेल वापरा. हिरव्यात पट्टा पुरेसा दिसतो आणि हळद फारशी मध्ये येत नाही. जिथे जाड हळदीचा लेप आहे तिथे खालचा पट्टा दिसतच नाही, त्या जागेवर मास्क काळाच ठेवा. हळदीला हात लावायचा नाही. तिला एकदा बेसन झालेलं पाहिलंय आपण.

झालं की तपासणी. सगळ्यात वर एक तात्पुरता कर्व्हजचा थर टाकून कॉन्ट्रास्ट बेसुमार वाढवा. फोटो भयानक दिसेल, दिसू द्या. पट्ट्याचा मागमूस राहिला असेल तर तो अशा वेळी ओरडून सांगतो. मग तो थर काढून टाका, फोटो आडवा उलटा करा (आरशातल्यासारखा) आणि लांबून बघा. डोळ्याला सवय झालेली असते, उलटं केलं की ती सुटते. दोन्ही खांदे मिळून मला पाऊण तास लागला. पुढच्या फोटोंना मात्र दहा-दहा मिनिटं पुरली. त्याच दिवसाचे, त्याच पोरीचे फोटो, त्यामुळे गुणोत्तर तेच, रंग तोच, फक्त मास्क नवा.

आता वादाचा मुद्दा. पट्टा काढायला दोन दिशा आहेत. फिकट पट्टा गडद करून कातडीला मिळवायचा, किंवा सगळी रापलेली कातडी उजळ करून पट्ट्याला मिळवायची. जवळपास सगळे दुसऱ्या दिशेला जातात. माझं म्हणणं आहे की ती दिशा आधी तांत्रिकदृष्ट्याच वाईट आहे, बाकीचं नंतर बोलू.

क्षेत्रफळ बघा. पट्टा तळहाताएवढा, रापलेली कातडी म्हणजे खांदे, दंड, मान, चेहरा, हात. लहान जागेला हात लावायचा की मोठ्या? मोठ्या जागेला लावलात तर थांबायचं कुठे? खांदा उजळला की मान वेगळी दिसते, मान उजळली की चेहरा, मग हात, मग हातावरची मेंदी फिकी, मग शेजारी उभी असलेली सख्खी बहीण एकदम परकी वाटायला लागते. दुसरं, गुणोत्तर उलटं होतं. निळ्या चॅनेलचे आकडे ०.७१ ने कमी करण्याऐवजी १.४ ने वाढवावे लागतात. कातडीच्या फोटोत निळा चॅनेल आधीच सगळ्यात कमी उजेडाचा, म्हणजे सगळ्यात जास्त दाणेदार, आणि जेपेग रंगाची माहिती सगळ्यात आधी कापते. आकडे वाढवले की दाणे आणि ठोकळे दोन्ही वर येतात. मग ते लपवायला ब्लर, आणि ब्लर केला की परत बादली. गडद करताना यातलं काही होत नाही. आकडे कमी होतात, तसे दाणेही कमी होतात.

ही दिशा मग इतकी अंगवळणी का पडली? एक कारण जुन्या डार्करूममध्ये सापडतं असं मला वाटतं. निगेटिव्हवर रिटच करणारा कारागीर टोकदार पेन्सिलीने काम करायचा. निगेटिव्हवर शिसं चढवलं की प्रिंटवर ती जागा उजळते. म्हणजे उजळवणं हे पेन्सिलीचं काम, चुकलं तर पुसता येतं. गडद करायचं तर निगेटिव्हवरचा थर सुरीने खरवडायला लागायचा, आणि खरवडलेलं परत येत नाही. (प्रिंटवर ब्रशने रंग भरून गडद करता यायचं, पण ते प्रत्येक प्रतीवर वेगळं करावं लागे.) म्हणजे त्या माणसाला उजळवण्याकडे झुकायला हाताची सबब तरी होती. आज मास्क आहे, दोन्ही दिशा सारख्याच सोप्या आहेत. आज उरते ती फक्त सवय, आणि ती सवय कुठून येते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. स्थळाच्या पत्रिकेत "वर्ण" नावाचा रकाना आपणच भरतो. जाहिरातींची नियामक संस्था एएससीआयने २०१४ मध्ये गोरेपणाच्या जाहिरातींसाठी नियम केले, फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. फोटो एडिटरमधल्या सरकपट्टीला मात्र कुणी नियम लावलेला नाही. ती तुमच्या माझ्या हातात आहे.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो मला बहिणीच्या मैत्रिणीनेच ऐकवला. "पट्ट्यातला रंगच तर हिचा खरा रंग आहे की. रापलेला रंग उन्हाचा. मग खरा रंग लावला तर काय बिघडलं?" मुद्दा चांगला आहे. ऊन बंद झालं की काही आठवड्यांत रंग उतरतो हे खरंच आहे. पण फोटो म्हणजे कातडीचा प्रयोगशाळेतला अहवाल नाही. त्या दिवशी, त्या मांडवात ती जशी होती त्याची ती नोंद आहे. त्या दिवशी तिला पाहिलेल्या दोनशे माणसांनी तिचा चेहरा पाहिला, आणि चेहरा रापलेला होता. अंगाचा बहुतेक दिसणारा भाग ज्या रंगाचा आहे तो त्या दिवसाचा रंग. पट्टा हा त्यातला अपवाद, म्हणून अपवादाने नियमाला मिळावं. तरीही जिचा फोटो आहे ती स्वतः म्हणाली की मला उजळच हवं, तर तिचं ऐकावं. न विचारता करू नये, एवढाच माझा हट्ट. "पट्टा काढू?" आणि "रंग बदलू?" हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. बहुतेक जणी पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्यावर तुमच्याकडे रोखून बघतात.

आणि तिसरा प्रश्नही कधीकधी विचारायला हवा: पट्टा खरंच काढायचाय का? मामाच्या घरी ३० सप्टेंबर १९९३ च्या आधीचा एकच फोटो उरला आहे, बाकी सगळे घरासोबत ढिगाऱ्यात गेले. त्या फोटोत आजी उभी आहे, आणि तिच्या दंडावर, चोळीची बाही जिथे संपते त्याच्या जरा खाली, एक स्पष्ट रेघ दिसते. त्या दिवशी तिने रोजच्यापेक्षा आखूड बाहीची, ठेवणीतली चोळी घातली असणार. रेघेच्या खाली सगळा हात काळा, वर फिकट. ती रोज रानात जायची हे त्या घरात आता सांगणारं दुसरं काही नाही. मागे मामाने तो फोटो मोठा करून फ्रेम करायला माझ्याकडे दिला, तेव्हा मी चिरा भरल्या, बुरशीचे डाग काढले, पिवळेपणा घालवला. रेघ ठेवली. मामाला विचारलं होतं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. तीच तर वळख हाय."

मामेबहिणीच्या फोटोतला पट्टा गेला, आजीचा राहिला, आणि दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात. कारण दोन्हीकडे आधी विचारलं गेलं आणि दोन्हीकडे माणूस तोच राहिला.

असो. तुमच्याकडेही कुणी असा फोटो घेऊन आलं तर दोन बिंदू घ्या, एक भागाकार करा, एक थर टाका. आणि ती गोरेपणाची सरकपट्टी आहे ना, ती तशीच शून्यावर राहू द्या.